घड्याळातला IIII आणि प्रस्तावनेतला iv

रोमन आकड्यांच्या घड्याळात चार हा आकडा बहुधा IIII असा लिहिलेला आढळतो. इंग्रजी ग्रंथाच्या प्रस्तावनेतले चौथे पृष्ठ मात्र iv म्हणून मोजले जाते. शाळेत शिकलेल्या नियमाच्या आधारे आपण घड्याळ चुकले असे म्हणून मोकळे होतो. परंतु इतिहासाची साक्ष घड्याळाच्या बाजूने आहे.

आज शिकवली जाणारी रीत सोपी आहे. संख्येची हजार, शतक, दशक, एकक अशी फोड करावयाची, प्रत्येक स्थानाचे रोमन रूप स्वतंत्रपणे लिहावयाचे आणि ती रूपे डावीकडून उजवीकडे जोडावयाची. उदाहरणार्थ, 1944 म्हणजे 1000, 900, 40 आणि 4, त्यांची रूपे M, CM, XL, IV, म्हणून MCMXLIV. वजाबाकीवर एक मर्यादा आहे. I फक्त V आणि X यांच्या आधी येतो, X फक्त L आणि C यांच्या आधी, आणि C फक्त D आणि M यांच्या आधी. म्हणून 49 म्हणजे XLIX, IL नव्हे. नवख्या लेखकाची चूक इथेच होते, कारण तो स्थानांची फोड न करता पन्नासातून थेट एक वजा करू पाहतो.

हा नियम रोमन लोकांनी मात्र इतक्या काटेकोरपणे पाळला नाही. रोमच्या कोलोसियममध्ये प्रेक्षकांसाठी दारांवर क्रमांक कोरलेले आहेत. त्यांतील चव्वेचाळिसाव्या दारावर XLIIII असे आहे. चाळिसासाठी वजाबाकी आणि चारासाठी बेरीज, अशा दोन्ही रीती एकाच दगडावर सुखाने नांदतात. मध्ययुगीन हस्तलिखितांतही iiij असे चार भेटतात. शेवटच्या i ला शेपूट देऊन लेखनिक आकडा तिथे संपल्याचे दाखवीत. लंडनच्या ॲडमिरल्टी आर्चवर तर 1910 हे वर्ष MDCCCCX असे कोरले आहे, MCMX असे नव्हे. तात्पर्य, वजाबाकी ही मुळात एक सोय होती. तिचा सक्तीचा नियम पुढे झाला.

घड्याळाने जुनी रीत का जपली, याविषयी कथा पुष्कळ आहेत. फ्रान्सच्या राजाने तसा हट्ट धरला अशी एक, आणि IV ही ज्युपिटरच्या लॅटिन नावाची आद्याक्षरे असल्याने ती टाळली अशी दुसरी. दोहोंना भक्कम आधार नाही. तबकडीकडे पाहिले तर मात्र काही गोष्टी आपोआप दिसतात. IIII लिहिल्यास पहिल्या चार आकड्यांत केवळ I येतो, पुढील चारांत V येतो आणि अखेरच्या चारांत X येतो. तबकडीचे तीन समान भाग पडतात. IIII हा समोरच्या VIII चा भार तोलतो. शिवाय आकड्यांचे पाय केंद्राकडे असल्याने खालच्या बाजूचे आकडे उलटे होतात, आणि तिथे IV व VI यांची गल्लत सहज होऊ शकते. तरीही हा नियम सार्वत्रिक नाही: वेस्टमिन्स्टरच्या, बिग बेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घड्याळावर IV च आहे.

प्रस्तावनेतील लहान रोमन आकड्यांचे कारण छापखान्यात सापडते. मुख्य मजकूर आधी जुळवून छापला जाई. अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रस्तावना ही पाने मागाहून येत. त्यांची संख्या आधी ठाऊक नसे, म्हणून त्यांना निराळी क्रमांकमाला दिली. प्रस्तावना लांबली तरी पृष्ठ 1 जागचे हलत नाही. अनेक मराठी प्रकाशकांनी हीच गरज अक्षरी आकड्यांनी भागवली. प्रस्तावनेच्या पानांवर ‘सात’, ‘आठ’ असे छापलेले आपण पाहतोच.

म्हणूनच संदर्भ देताना हे रूपांतर करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पृष्ठ xiv चे ‘14’ केले, की वाचक संपादकाच्या प्रस्तावनेऐवजी पहिल्या प्रकरणात जाऊन पोहोचतो, आणि संपादकाचे मत मूळ लेखकाच्या नावावर जमा होण्याचा धोका उद्भवतो. ग्रंथालयाच्या नोंदीत xxiv, 312 असे दोन आकडे वेगळे ठेवतात ते याचसाठी. आराखड्याच्या शीर्षकांतही असाच एक खड्डा आहे. a, b, c असे उपविभाग वाढत h च्या पुढे गेले, की येणारा i हा नववा उपविभाग की खालच्या पातळीवरचा पहिला मुद्दा, हे केवळ समासावरून ओळखावे लागते. अशा वेळी उपविभाग आठांच्या आत आवरावेत, किंवा सरळ अंक वापरावेत.

स्वतः लिहिताना XLIX च लिहावे, यात शंका नाही. मात्र जुन्या मुखपृष्ठावर MDCCCCX दिसल्यास तिथे मुद्रणदोष शोधू नये. अक्षरांची बेरीज करावी. वर्ष बिनचूक निघते.