पोच हरवली की पत्र दुणावते

एकच ईमेल दोनदा का येते, याचे उत्तर फेब्रुवारी १९८८च्या एका छोट्या टिपणात आहे: आरएफसी १०४७, लेखक बीबीएनमधले क्रेग पार्ट्रिज. ते समजायला आधी ऑगस्ट १९८२चा आरएफसी ८२१ उघडावा लागतो. जॉन पोस्टेल यांनी त्यात ईमेल पोचवण्याची रीत ठरवून दिली होती. मजकूर संपला की पाठवणारा सर्व्हर एका ओळीत फक्त टिंब पाठवतो आणि घेणारा पोच देतो:

```
C: .
S: 250 OK
```

या दोन ओळींमधल्या वेळेवर पार्ट्रिज यांनी बोट ठेवले. टिंब मिळाल्यावर घेणारा सर्व्हर पत्राची पुढची उस्तवारी आधी उरकतो आणि पोच मागाहून देतो. तोवर पाठवणारा कंटाळून संबंध तोडतो. आता पत्राची प्रत दोघांकडेही आहे आणि दोघेही ते पुढे नेणार. उपाय साधा होता: पोच लवकर द्या. ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२३ने याच टिपणाचा हवाला देऊन तो बंधनकारक केला आणि पाठवणाऱ्याला दहा मिनिटे थांबायला सांगितले. म्हणजे फट अरुंद झाली, बुजली मात्र नाही. माझ्या मते ती या पद्धतीत बुजणारही नाही, कारण पोच स्वतःच वाटेत हरवू शकते.

ईमेलने जाणाऱ्या ओटीपीची चाचणी करणाऱ्याने नेमकी हीच फट मुद्दाम उघडावी. खोटा सर्व्हर उभारावा, त्याने पत्र साठवून घ्यावे आणि `250` न देता संबंध तोडावा. दुसऱ्या खेपेला आलेल्या पत्राचा `Message-ID` पहिल्यासारखाच असेल, तर ही वाहतुकीतली दुरुस्ती. तो वेगळा असेल, तर आपल्याच प्रणालीने पत्र दोनदा तयार केले, आणि दोष तिथे शोधायचा.

दुसरी खेप कधी येईल? २००८चा आरएफसी ५३२१ म्हणतो, फेरप्रयत्नात साधारण किमान तीस मिनिटांचे अंतर ठेवा. उलट अमेरिकेच्या एनआयएसटीच्या २०१७च्या नियमावलीने फोनवर पाठवलेला कोड दहा मिनिटांत बाद करायला सांगितले होते, आणि एकदाच स्वीकारायला. तीच मुदत ईमेलच्या कोडला लावली की दिसते: शिरस्त्याने आलेली दुसरी प्रत मेलेलाच कोड आणणार. म्हणून मुदत कोड तयार झाल्यापासून मोजली जाते की पत्र रवाना झाल्यापासून, हे तपासावे. रवानगीपासून मोजत असतील, तर रांगेत अडकलेला कोड फेरप्रयत्नाबरोबर पुन्हा जिवंत होतो.

एसएमएसची गत थोडी निराळी. जीएसएमच्या मानकात संदेशासोबतच त्याची मुदत लिहिता येते, पण तिच्या सापेक्ष नमुन्यात सर्वांत लहान आकडा पाच मिनिटांचा. तीन मिनिटांचा ओटीपी या नमुन्याने पाठवला, तर फोन चौथ्या मिनिटाला चालू करून पाहावा: एसएमएस येऊ शकतो, पण कोड चालता कामा नये.