रीतिभूतकाळ : इंग्रजी ‘यूज्ड टू’ व ‘वुड’ यांचे मराठी प्रतिरूप

झाशीच्या लक्ष्मी तालाकाठी असलेल्या महालक्ष्मीमंदिरात राणी लक्ष्मीबाई दर्शनास जात, हा वृत्तान्त इंग्रजीत ‘यूज्ड टू’ने सांगितलेला असो वा ‘वुड’ने, मराठीत आदरार्थी ‘जात’, ‘जात असत’ किंवा बोलीतले ‘जायच्या’ यांपैकी प्रसंगोचित रूप योजावे. नुसते ‘गेल्या’ म्हटल्यास नित्यक्रम लोपून एकच फेरी उरते. मात्र ‘वुड’ या अर्थी पुनरावृत्त क्रियेसच लागते, स्थितीस नव्हे. ‘तेथे पूर्वी घाट होता’ अशा वाक्यासाठी इंग्रजीत ‘यूज्ड टू’च हवे, आणि मराठीत साधे ‘होता’ पुरते, कारण ‘घाट असे’ लिहिल्यास तो अधूनमधून प्रकट होई की काय, असा भास व्हावा! शिवाय ‘जाणार होत्या’ आणि ‘गेल्या असत्या’ हे अर्थही ‘वुड’ दाखवीत असल्याने ‘दर शुक्रवारी’सारखा कालदर्शक शब्द पाहूनच निर्णय करावा.