जुलाब थांबल्यानंतरचा घाला

जुलाब थांबले कीं मूल सुधारलें असें घरोघरीं मानतात, आणि बहुधा तें खरेंही असतें. परंतु एक विकार नेमक्या त्याच घटकेला डोकें वर काढतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला प्रथम पातळ जुलाब होतात, दोन-तीन दिवसांनीं त्यांत रक्त दिसतें, मग पोट सुधारूं लागतें. आणि जुलाब सुरू झाल्यापासून सुमारें आठवड्याभरांत तें एकाएकीं पांढरेंफटक पडतें, मलूल होतें, लघवी जवळजवळ थांबते. रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तर तांबड्या पेशींचे तुकडे झालेले आढळतात, आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट पेशी फारच थोड्या उरलेल्या असतात.

१९५५ सालीं स्वित्झर्लंडमधील कॉन्राड गासर व त्यांचे सहकारी यांनीं अशा पांच मुलांची हकीकत प्रसिद्ध केली व या विकाराला ‘हीमोलिटिक-युरेमिक सिंड्रोम’ हें नांव दिलें. तीं पांचही मुलें दगावलीं होतीं. पुढें १९६४ सालीं ब्यूनोस आयर्सच्या कार्लोस जियानान्तोनियो यांनीं मुलांच्या मोठ्या समूहाचा वृत्तांत दिला. पोटाच्या पोकळींत द्रव सोडून रक्तांतील विषारी द्रव्यें त्यावाटे काढून घेतलीं, तर मूत्रपिंडांना सांवरण्यास अवधि मिळतो, हें तेथील अनुभवानें दिसलें.

कारण मात्र हातीं लागेना. मूल दवाखान्यांत पोंचेपर्यंत मूळ जंतु बहुधा शौचांतून नाहींसा झालेला असे. आणि उरलाच, तर आंतड्यांतील निरुपद्रवी ‘इ. कोलाय’ जंतूंच्या गर्दींत तो ओळखूं येत नसे. चोर निघून गेल्यावर पंचनामा व्हावा, तशीच ही गत!

वाट एका आडवळणानें सांपडली. १९७७ सालीं कॅनडांतील कोनोवाल्चुक यांना कांहीं इ. कोलाय जंतूंचें विष माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या ‘व्हेरो’ पेशींना मारतें, असें आढळलें. टोराँटोच्या मोहम्मद करमाली यांनीं १९८३ सालीं हीच कसोटी आजारी मुलांच्या शौचाला लावली. त्यांतील जंतु गाळून काढले व उरलेला द्रव व्हेरो पेशींवर घातला. पेशी मेल्या. जंतु हातीं न लागलेल्या मुलांतही त्याचें विष असें सांपडूं शकलें.

हें विष रक्तवाटे मूत्रपिंडांतील केशवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतें. अस्तर सुजतें, तेथें गुठळ्या जमतात, त्यांत प्लेटलेट खर्ची पडतात, आणि त्या अरुंद वाटेंतून घुसतांना तांबड्या पेशी फाटतात. तीनही लक्षणें अशीं एकाच जखमेचीं आहेत. हा जंतु गुरांच्या आंतड्यांत त्यांना अपाय न करतां राहतो, आणि अर्धवट शिजलेलें मांस किंवा न तापविलेलें दूध यांतून मुलांपर्यंत येतो.

विषावर खात्रीचा उतारा अद्यापि नाहीं. जंतुनाशक औषधांनीं जंतु मरतांना कदाचित् अधिक विष सुटतें, म्हणून वैद्य तीं सहसा टाळतात. जुलाब दाबणारीं औषधेंही देत नाहींत. शरीरांतील पाणी व क्षार यांचा तोल राखणें, जरूर तर रक्त देणें आणि मूत्रपिंडांचें काम कांहीं दिवस बाहेरून चालविणें, एवढेंच हातीं राहतें. बहुतेक मुलें त्यांतून उठतात. तथापि कांहींच्या मूत्रपिंडांची दुखापत वर्षांनंतर लघवींतील प्रथिनांवरून किंवा वाढलेल्या रक्तदाबावरून उघडकीस येते.