प्रकरणारंभीची वचने

ग्रंथाच्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एखादे वचन घालण्याची चाल आपण इंग्रजी कादंबऱ्यांवरून उचलली, असा आपल्या सुशिक्षित वर्गाचा सामान्य समज आहे. तो पुरता खरा नव्हे. सातव्या शतकात बाणभट्टाने रचलेल्या ‘हर्षचरिता’चे आठ उच्छ्वास आहेत, आणि पहिला सोडल्यास प्रत्येकाच्या आरंभी पुढील प्रसंगाची चाहूल देणारी दोन पद्ये आहेत. आख्यायिकेत भावी अर्थ सुचविणारी पद्ये यावीत, असे भामहाने तिच्या लक्षणातच सांगून ठेविले आहे.

मात्र सूचना म्हणजे सारांश नव्हे, हे बाणाच्या पाचव्या उच्छ्वासावरून चांगले ध्यानी येते. तेथे राज्यवर्धन हूणांवर स्वारीस निघतो, धाकटा हर्ष काही मजल त्याच्या मागोमाग जाऊन हिमालयाच्या पायथ्याशी मृगयेत रमतो, आणि तोच पिता आजारी असल्याचे वर्तमान येते. पुढे मातेचा अग्निप्रवेश व पित्याचा अंत. या उच्छ्वासाच्या माथ्यावर बाण मृत्यूचे नावही काढीत नाही. वीज आधी उजेड पाडते व मग वज्र टाकते, तसे दैव आधी सुख देऊन मागून दारुण दुःख देते, एवढेच पहिले पद्य म्हणते. दुसऱ्यात कूस बदलणाऱ्या शेषाची उपमा आहे. त्याच्या एका हालचालीने जसे अनेक पर्वत, तसे काळाच्या एका फेऱ्याने अनेक थोर पुरुष एकदम कोसळतात. कोण कोसळणार, हे वाचकास ठाऊक नसते. पण मृगयेचा आनंद वाचीत असताना त्याच्या कानांत तो मेघ गडगडत राहतो. प्रकरणाचा रस एक नसून त्याला वळण आहे, आणि वचनालाही तेच वळण आहे, ही यातील खुबी.

पाश्चात्त्यांकडे ही चाल लोकप्रिय करणाऱ्यांत सर वॉल्टर स्कॉटचे स्थान मोठे. ‘अँटिक्वरी’ (1816) या कादंबरीची मुद्रिते तपासताना त्याने मित्र जॉन बॅलंटाइन यास एका जुन्या नाटककारद्वयाच्या ग्रंथांतून एक उतारा शोधावयास सांगितले. तो सापडेना, तेव्हा तू शोधशील त्याआधी मीच एक रचीन, असे म्हणून त्याने ओळी रचिल्या व खाली ‘जुने नाटक’ असे लिहून दिले! पुढे ही त्याची नित्याची सोयच झाली. 1827 साली एका प्रस्तावनेत, स्मरण पुरले तोवर स्मरणातून व ते सरल्यावर कल्पनेतून ही वचने काढली, असे त्याने मोकळेपणी सांगून टाकिले.

कादंबरीकाराला हे शोभते. इतिहासकाराला शोभते काय, हा प्रश्न मजपुढे राजुऱ्याच्या एका शिक्षकमित्राच्या हस्तलिखिताने उभा केला. आपल्या तालुक्याचा इतिहास ते पदरमोड करून छापीत आहेत. 1948 च्या प्रकरणावर त्यांनी विजयाचा एक ओजस्वी श्लोक घातला होता. परंतु प्रकरण वाचावे तर सप्टेंबरातील पोलीस कारवाईपर्यंत त्यात सगळी भीती व प्रतीक्षा आहे. निजामी अंमल सुटल्याचा आनंद अखेरच्या दोन पानांत. श्लोकाने तो आनंद आधीच खर्चून टाकिला होता. मी त्यांस बाणाचा पाचवा उच्छ्वास दाखविला. त्यांनी श्लोक काढून रात्रीच्या जागरणावरील एक ओवी घातली, आणि प्रकरण सावरले. 1956 साली आदिलाबादेतून निघून नांदेडात व 1959 साली चांदा जिल्ह्यात गेलेल्या तालुक्याच्या प्रकरणास त्यांनी सासरमाहेरचे एक स्त्रीगीत लाविले आहे. ते मला फारच आवडले.

वाद झाला तो माणिकगडाच्या प्रकरणावर. अरण्यात पडलेल्या त्या किल्ल्यास साजेशा चार ओळी त्यांना कोठे मिळेनात, म्हणून त्यांनी स्वतःच रचिल्या आणि खाली ‘जुने गोंडी गीत’ असे लिहिले. ओळी खरोखर सुरेख होत्या, आणि स्कॉटचा दाखला त्यांच्या तोंडी तयारच होता. पण स्कॉटच्या वाचकाने त्या नाटकावरून काही सिद्ध करावयाचे नव्हते. तालुक्याच्या इतिहासाचा वाचक मात्र माथ्यावरच्या ओळींनाही पुरावा समजतो. उद्या कोणी विद्यार्थी किल्ल्यावरील गोंडांची स्मृती म्हणून त्या उतरून घेईल, परवा दुसरा ग्रंथ त्याचा हवाला देईल, आणि ज्या लोकांची गाणी अद्याप पुरती लिहून घेतलेली नाहीत त्यांच्या नावावर न गायिलेले गाणे कायमचे चढेल. पदरचे पैसे घालून छापणाऱ्याच्या मागे दुसरा कोणी तपासनीसही नसतो. म्हणून गीत घ्यावयाचे तर गाणाऱ्याच्या तोंडून घ्यावे, गाव व साल द्यावे, गोंडी शब्द आधी व मराठी अर्थ खाली छापावा. तुकोबांच्या नावावर चालणारे चरणसुद्धा गाथेत पाहिल्यावाचून घेऊ नयेत.

ओळी ठेवा, पण खाली तुमचे नाव घाला, असे मी सुचविले. त्यांस ते रुचेना. स्वतःच्याच प्रकरणावर स्वतःचेच वचन म्हणजे आत्मस्तुती, असे त्यांचे म्हणणे. बाणाची पद्ये त्याचीच होती, हे मी त्यांस सांगितले. मुद्रिते अद्याप त्यांच्या टेबलावर आहेत आणि त्या प्रकरणाचा माथा तूर्त कोरा आहे.