आवर्ती संहिता (लघुचित्रफीत)

जिचे शेवटचे वाक्य पहिल्या वाक्याला जोडले जाते, अशा लघुचित्रफितीच्या संहितेस आवर्ती संहिता म्हणतात. यात परिणाम आरंभी सांगतात आणि कारण अखेरीस ‘म्हणून’वर अपूर्ण सोडतात.

उदाहरण: दौंड जंक्शनवरील चित्रफितीचा आरंभ ‘पुण्याहून मनमाडला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला मागच्या टोकास लावावे लागे’ असा करता येतो. मध्ये इंजिन बदलण्याची रीत सांगून शेवट ‘मनमाडचा लोहमार्ग स्थानकाच्या पुण्याकडील बाजूस फुटतो आणि पूर्वी थेट जोडमार्ग नव्हता, म्हणून…’ असा ठेवावा.

मर्यादा: पहिले वाक्य स्वतंत्रपणेही कळले पाहिजे, ते ‘तो’, ‘तेथे’ अशा सर्वनामाने वा क्रियाविशेषणाने सुरू झाल्यास नव्या श्रोत्यास अर्थबोध होत नाही. आरंभी ‘नमस्कार’ किंवा शेवटी ‘धन्यवाद’ आल्यास सांधा तुटतो. दोन्ही वाक्ये एका श्वासात वाचून तो तपासतात.