“आज संध्याकाळी सहापर्यंत वॉरंटी संपतेय”: गाडीच्या नावाने येणारे फोन

गेल्या काही महिन्यांत मंडळातल्या बऱ्याच सभासदांनी एकाच प्रकारच्या फोनबद्दल विचारले. फोनवरचा माणूस अदबीने बोलतो, गाडीचा नंबर बरोबर सांगतो, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी किंवा इन्शुरन्स आजच संपत असल्याने पैसे आत्ताच भरा म्हणतो. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा सगळे एकदा लिहून ठेवावे, म्हणून हा लेख.

स्नेहलतागंजातल्याच एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे, नाव मात्र देत नाही. त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये एक लहान गाडी घेतली. कंपनीची मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. गाडी घेतानाच मुलाने तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन ठेवली होती. म्हणजे किलोमीटरची मर्यादा ओलांडली नसेल, तर संरक्षण फेब्रुवारी २०२७ पर्यंत. पण हा कागद मुलाने फाइलीत ठेवला, मुलगा पुण्याला गेला आणि सरांच्या ते लक्षात राहिले नाही.

जानेवारी २०२६ मध्ये सकाळी साडेअकराच्या सुमारास फोन आला. “सर, आपकी गाड़ी एम पी झीरो नाइन... वारंटी आज शाम छह बजे लैप्स हो रही है. उसके बाद सिस्टम लॉक हो जाएगा.” रक्कम साडेसात हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी तेराशे पन्नास, एकूण आठ हजार आठशे पन्नास. जीएसटीचा आकडा वेगळा काढून सांगितल्यामुळे सरांना सगळे रीतसर वाटले. व्हॉट्सअॅपवर कंपनीचे चिन्ह असलेला एक कागद आला, खाली क्यूआर कोड होता. अकरा चाळीसला पैसे गेले. अर्ध्या तासाने पुन्हा फोन: “पेमेंट अटक गया है, चार हज़ार नौ सौ निन्यानवे का रिफंडेबल डिपॉज़िट करना होगा.” इथे मात्र सर थांबले आणि त्यांनी मला फोन केला.

आता या फोनमध्ये काय चुकले होते ते पाहू. सर्वांत मोठी खूण सरांच्याच लक्षात नंतर आली: त्या माणसाने गाडी किती किलोमीटर चालली आहे हे एकदाही विचारले नाही. वॉरंटी बहुतेकदा काळ आणि किलोमीटर या दोन दोऱ्यांनी बांधलेली असते. मीटरवर काय आहे हे न कळता कोणताही खरा विक्रेता ती वाढवून देऊ शकत नाही. खऱ्या एक्स्टेंडेड वॉरंटीच्या कागदावर चेसिस नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि किती किलोमीटरपर्यंत, हे लिहिलेले असते, आणि बिल डीलरच्या फर्मच्या नावाने जीएसटी क्रमांकासह येते. सरांना आलेल्या कागदावर यातले फक्त गाडीचा नंबर आणि रक्कम होती.

दुसरी खूण पैसे भरताना पडद्यावर होती. यूपीआयचा पिन टाकण्याआधी पैसे कोणाच्या नावावर जाणार ते दिसते. तिथे कंपनीचे किंवा डीलरचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. सरांनी ते पाहिलेही. विचारल्यावर उत्तर मिळाले की “ये हमारे अकाउंट्स मैनेजर का है.” बँकेच्या नोकरीत मी किती फर्मांची खाती उघडली असतील, पण कोणत्याही फर्मने आपला जीएसटी मॅनेजरच्या बचत खात्यात गोळा केलेला पाहिला नाही. (पाहिला असता तर आमच्या ऑडिटरने मला सोडले नसते.)

मग त्याला गाडीचा नंबर आणि सरांचा फोन कसा कळला? यात जादू नाही. नंबर टाकला की mParivahan वर गाडीची नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदत कोणालाही दिसते. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते. फोन नंबर तिथे नसतो, पण तो आपण सर्व्हिस स्टेशन, विमा एजंट, पेट्रोल पंपावरचे लकी ड्रॉ, मॉलचे पार्किंग अशा किती ठिकाणी गाडीच्या नंबरासोबत लिहून देतो! शिवाय ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या सरकारी नोंदींची माहिती एके काळी सरकारच पैसे घेऊन देत असे. जुलै २०१९ मध्ये संसदेत सांगितले गेले की ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना ती दिली गेली होती आणि त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले. हे धोरण २०२० मध्ये मागे घेतले, पण एकदा बाहेर गेलेली यादी परत येत नाही. म्हणून समोरच्याने गाडीचा नंबर बरोबर सांगितला, एवढ्यावरून तो कंपनीचा आहे असे ठरत नाही.

फोन नंबरावरूनही थोडा अंदाज येतो. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत आणि बँका, विमा कंपन्या यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्री करायला परवानगी नाही. पण गंमत अशी की खऱ्या डीलरकडचा मुलगाही कधी कधी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो, महिनाअखेर टार्गेट असते त्याचे. तेव्हा फक्त नंबरावर निकाल लावू नका. आणि पडद्यावर दिसणारे नाव तर बऱ्याचदा दुसऱ्या लोकांनी टाइप केलेले असते, तेवढ्यावर विसंबू नका.

“आज संपतेय” यात थोडे खरेही असते, म्हणून तर माणूस फसतो. मूळ वॉरंटी चालू असतानाच ती वाढवून घ्यावी लागते, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. विम्याचे तर त्याहून कडक आहे. मुदतीच्या दिवशी रात्री बारा वाजता संरक्षण संपते आणि आधी हप्ता मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलासियाच्या सिग्नलला कोणी ठोकले तरी दावा बसणार नाही. थर्ड पार्टी विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

पण फोनवाले याच्यापुढे जाऊन जी भीती घालतात ती खोटी असते. एक तर “नो क्लेम बोनस आज रात्री जाईल” हे चूक आहे. मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत विमा नवा केला तर बोनस टिकतो. फक्त खंड पडला असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा देण्याआधी कंपनी गाडी पाहून घेते. दुसरे, १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा आणि दुचाकीचा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. त्यामुळे वर्षभरापूर्वी घेतलेल्या गाडीला “पूरा इन्शुरन्स खत्म” असे कोणी म्हणाला तर तो निदान अर्धे खोटे बोलतोय. संपत असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. आपल्या पॉलिसीवर या दोन भागांच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात.

तारीख पाहायला पाच मिनिटे लागतात. वॉरंटीची तारीख सर्व्हिस बुकलेटमध्ये किंवा वेगळ्या सर्टिफिकेटवर असते. कागद सापडत नसेल तर जिथे सर्व्हिस करता तिथे, मागच्या बिलावर छापलेल्या नंबरावर फोन करून चेसिस नंबर सांगा. त्यांच्या कॉम्प्युटरवर वॉरंटी आणि मागच्या सर्व्हिसचे किलोमीटर दोन्ही असतात. आलेल्या फोनवरच “मैनेजर से बात कराता हूँ” झाले तर तो उलटतपासणीचा मार्ग नव्हे, शेजारच्या खुर्चीवरचाच माणूस असतो. आणि व्हॉट्सअॅपवर .apk ने संपणारी फाइल आली तर ती उघडू नका. आरटीओ चलनाच्या नावाने अशाच फायली पाठवून मोबाइलचा ताबा घेतला जातो.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना हा प्रकार तिकडून ऐकून माहीत असेल. तिथे तर गाडीच्या वॉरंटीचे यंत्रावरून लावलेले फोन ही राष्ट्रीय डोकेदुखी झाली होती. तिथल्या दळणवळण आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच टोळीला जवळपास तीस कोटी डॉलर दंड केला. २०२१ च्या तीन महिन्यांत तिने पाच अब्जांवर फोन लावले होते.

आता सरांकडे वळतो. साडेबाराला त्यांचा फोन आल्यावर मी पहिल्यांदा 1930 लावायला सांगितले, पोलीस ठाण्यात नंतर जाऊ म्हटले. कारण पैसे एका खात्यात थांबत नाहीत. ते भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात. 1930 वर तक्रार नोंदली की ती समोरच्या बँकेकडे जाते आणि त्या खात्यात त्या क्षणी जे शिल्लक असेल त्यावर रोख लागते. फोनवर त्यांनी विचारले ते असे: आपली बँक, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर. हा आकडा यूपीआय अॅपच्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. तो आधी कागदावर उतरवून ठेवला तर ओळ लागल्यावर धांदल होत नाही. मग आपल्या बँकेलाही कळवले आणि cybercrime.gov.in वर स्क्रीनशॉट चढवले.

बँक भरपाई देईल का, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांबद्दल होते. बाहेरच्या कोणी खात्यात शिरून पैसे काढले आणि आपण तीन कामाच्या दिवसांत कळवले तर त्यानुसार आपली जबाबदारी शून्य होती. सरांनी मात्र पिन स्वतः टाकला होता. असा व्यवहार, फसवून करवून घेतलेला असला तरी, ग्राहकाने केलेलाच धरला जात असे आणि बँकेवर पैसे भरून देण्याचे बंधन येत नसे. माझ्या काउंटरवर हे ऐकून लोक चिडत असत. चिडणे बरोबरच, पण नियम तसा होता.

तक्रार नोंदली तेव्हा बारा पन्नास झाले होते, म्हणजे पैसे जाऊन सत्तर मिनिटे. समोरच्या खात्यात तीन हजार दोनशे रुपये उरले होते, तेवढे थांबले. बाकीचे साडेपाच हजारांवर रुपये पुढे निघून गेले होते. थांबलेली रक्कम सोडवायला कोर्टाचा आदेश लागला. त्यासाठी सरांना तक्रारीची प्रत, बँकेचे स्टेटमेंट आणि ओळखपत्र घेऊन दोन खेपा घालाव्या लागल्या. तीन हजार दोनशे पाचव्या महिन्यात खात्यात आले. त्याच दिवशी त्यांनी मुलाला फोन करून फाइल कुठल्या कपाटात आहे ते विचारले. वॉरंटीचे सर्टिफिकेट आता गाडीच्या डॅशबोर्डमध्ये आहे आणि त्यावरची तारीख सरांनी लाल पेनने गोल केली आहे.