मुंब्रा बायपासवरची गोळी आणि जगण्याचा हक्क

मागच्या वेळी आपण अटक आणि कोठडी यांबद्दल बोललो. आज त्याच्या पुढचा, जास्त अवघड विषय घेऊ. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला, तर ती गोळी योग्य होती की नव्हती हे कसं ठरवायचं? उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. शाळेतल्या एका सफाई कर्मचाऱ्याला अटक झाली, त्याला कल्याणच्या न्यायालयात हजर केलं गेलं. 20 ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले आणि कित्येक तास लोकल बंद राहिली. तक्रार नोंदवायला झालेल्या उशिराचा तो संताप होता, आणि तो रास्तच होता. पुढे 23 सप्टेंबरला ठाणे पोलिसांची गुन्हे शाखा दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी या आरोपीला तळोजा तुरुंगातून घेऊन निघाली. संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ, चालत्या व्हॅनमध्ये, तो गोळी लागून मेला. पोलिसांचं म्हणणं असं, की त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, अधिकाऱ्याच्या मांडीला गोळी लागली, म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. काही ठिकाणी पेढे वाटले गेले.

आता तारखेकडे लक्ष द्या. बरोबर दहा वर्षांपूर्वी, 23 सप्टेंबर 2014 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चकमकींबाबत 16 कलमी नियमावली दिली होती. 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा तो खटला. 1995 ते 1997 या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे 99 चकमकींत जवळपास 135 माणसं मेली, त्यांच्या खरेखोटेपणाबद्दलच्या याचिकांतून तो निघाला होता. म्हणजे देशभर लागू असलेले हे नियम महाराष्ट्राच्या अनुभवातून आलेले आहेत.

आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो? नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 6 सांगतं, की कुणाचाही जीव मनमानीने घेता येणार नाही. भारत 1979 मध्ये या करारात सामील झाला. 1990 मध्ये हवानाच्या परिषदेत पोलिसांच्या बळवापराची मूलतत्त्वं स्वीकारली गेली. त्यातलं नववं तत्त्व म्हणतं, की जीव घेण्याच्या हेतूने शस्त्र वापरायचं ते केवळ जीव वाचवण्यासाठी, आणि दुसरा कुठलाही उपाय उरला नसेल तेव्हाच. आरोप किती भयंकर आहे, हा निकष यात कुठेच नाही. त्या क्षणी धोका किती आहे, एवढंच पाहायचं.

बदलापूरच्या प्रकरणात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: पायावर का नाही मारली? मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठानेही तो विचारला. प्रश्न स्वाभाविक आहे, पण आंतरराष्ट्रीय निकषाची गाडी तिथे थांबत नाही. मांडीची मुख्य रक्तवाहिनी फुटली तरी माणूस काही मिनिटांत दगावतो. म्हणून बंदुकीची कुठलीही गोळी प्राणघातकच धरायची आणि आधी विचारायचं, की मुळात गोळी झाडण्याची वेळ का आली?

हा प्रश्न युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 'मॅकॅन विरुद्ध युनायटेड किंगडम' या खटल्यात फार नेमका विचारला. मार्च 1988 मध्ये जिब्राल्टरला ब्रिटिश सैनिकांनी आयआरएच्या तिघांना गोळ्या घातल्या. रिमोटने बॉम्ब उडेल असं सैनिकांना सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात तिघांकडे शस्त्र नव्हतं, त्यांच्या गाडीत बॉम्ब नव्हता. 1995 चा निकाल 10 विरुद्ध 9 असा काठावरचा लागला. न्यायालय म्हणालं, सैनिकांनी जे खरं मानलं त्यावरून त्यांचा गोळीबार समजू शकतो. पण कारवाईची आखणी चुकली. तिघांना हद्दीवरच अडवता आलं असतं. ते केलं नाही, म्हणून जगण्याच्या हक्काचा भंग झाला. हा निकाल भारतावर बंधनकारक नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2018 च्या 36व्या सामान्य टिप्पणीत हीच अपेक्षा आपल्यालाही लागू असलेल्या कराराखाली नोंदवली आहे: पोलिस कारवाई जीविताचा धोका कमीत कमी राहील अशी आखलेली हवी.

हे माप घेऊन व्हॅनमध्ये परत या. कोठडीतला माणूस पूर्णपणे राज्याच्या ताब्यात असतो. त्याचे हात मोकळे होते का? पिस्तूल लॉक केलेलं होतं का, कमरेला नीट अडकवलेलं होतं का? चार पोलिसांना एक माणूस आवरता आला नाही का? उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत यातले बरेच प्रश्न विचारले. पोलिसांची हकिगत शंभर टक्के खरी धरली, तरी या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात. हेच आखणीच्या निकषाचं बळ आहे.

आणि हकिगत खरी आहे का, हे तपासातून ठरतं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची असते. तो अहवाल जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे सापडले नव्हते. बळाचा वापर समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष होता, आणि व्हॅनमधल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. मात्र ही चौकशी म्हणजे खटला नव्हे. साक्षीपुरावा तपासून दोष ठरवणं हे न्यायालयाचं काम, आणि पोलिसांनाही तो हक्क आहेच.

पुढचं वळण महत्त्वाचं आहे. मृताच्या आईवडिलांनी मध्येच सांगितलं, की आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचं नाही. मग विषय संपला का? उच्च न्यायालयाने तो संपवला नाही. एप्रिल 2025 मध्ये त्याने विशेष तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा मार्ग धरला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढाच बदल केला, की पथक पोलिस महासंचालकांनी नेमावं. संशयास्पद मृत्यूंच्या तपासासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा मिनेसोटा प्रोटोकॉलही हेच सांगतो. तपास ही राज्याची स्वतःची जबाबदारी आहे. नातेवाईक दमले, घाबरले, गरिबीने थकले, तरी ती टळत नाही.

मर्यादाही लक्षात ठेवू. या कराराखाली व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे ठाण्यातला माणूस जिनिव्हाला दाद मागू शकत नाही. त्याला उच्च न्यायालयाच्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तिथे वेळ लागतो. 2006 मध्ये वाशीतून उचलून वर्सोव्याला मारलेल्या रामनारायण गुप्ता यांच्या प्रकरणात 2013 मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. त्या वेळी सुटलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने दोषी धरलं, ते मार्च 2024 मध्ये. तब्बल 17 वर्षांनी.

शेवटी त्या दोन मुलींबद्दल. पेढे वाटणाऱ्यांना वाटलं, न्याय झाला. पण आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच बंद होतो. शाळेत नेमकं काय घडलं, हे त्याच्याविरुद्ध पुराव्याने सिद्ध करून निकालपत्रात नोंदवण्याची संधी त्या घरांना आता कधीच मिळणार नाही. बायपासवरच्या त्या गोळीने आरोपीच्या जगण्याच्या हक्काबरोबर त्यांचाही हा हक्क संपवला.

पुढच्या व्याख्यानात कोठडीतल्या मृत्यूचं शवविच्छेदन आणि त्याचं चित्रीकरण, हा भाग घेऊ. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.